हळू चालणाऱ्याचा मान

आणीबाणीच्या आदल्या वर्षी, थंडी ओसरायच्या सुमाराला, आम्ही कसबा बावड्याच्या तीन म्हाताऱ्यांनी समुद्र बघायला जायचं ठरवलं. ठरवणं आणि निघणं यांच्यामध्ये एक पत्र आलं. ते मी लिहिलं होतं. त्यामुळे पुढं जे काही झालं त्याचं खापर अजून माझ्यावर फुटतं. माझं म्हणणं एवढंच, की पत्रातला शब्द न शब्द बरोबर होता. माणसांनी त्याचं काय केलं हा माझा दोष नव्हे.

तिघे म्हणजे मी, अप्पा आणि नृसिंह मास्तर. अप्पा तालमीतला जुना पैलवान. आता दुधाचा धंदा बघतो, पण रस्त्यानं चालताना अजून खांदे असे टाकतो की समोरच्यानं बाजूला व्हावं. मास्तर पेन्शनीत निघाले आणि बसवेना म्हणून देवळात मोठ्या माणसांचा वर्ग चालवू लागले. त्या वर्गात पन्नाशी ओलांडल्यावर मी अक्षर शिकलो. तेव्हापासून गल्लीतल्या कुणालाही काही लिहायचं असलं की मी हजर असतो. बोलावलेलं नसलं तरी.

बेत असा होता की एसटीनं गगनबावड्यापर्यंत जायचं, तिथून घाट पायी उतरायचा आणि खालून पुन्हा गाडी धरून समुद्र गाठायचा. घाट पायी का, याचं कारण अप्पा सांगतो ते असं, की मर्द माणसानं घाट पायीच उतरावा. खरं कारण असं, की घाटाच्या वळणांवर गाडीत अप्पाला ओकारी होते. हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे आणि अप्पासमोर कुणालाच माहीत नाही.

पण मला समुद्रापेक्षा जास्त ओढ होती ती बाळासोला बरोबर न्यायची. बाळासो माझा लहानपणापासूनचा दोस्त. आम्ही दोघांनी उमेदीत गुळाच्या बैलगाड्या त्याच घाटानं खाली नेल्या. समुद्र तिथून पुढं होता, पण गूळ उतरवला की माघारी फिरायचं, त्यामुळे तो बघायचा राहूनच गेला. पुढं बाळासो लेकीकडं नृसिंहवाडीला राहायला गेला. दोन वर्षांमागं गवताच्या गंजीवरून पडला, गुडघा दुखावला, आणि तेव्हापासून लंगडतो. लंगडण्याचं त्याला काही नव्हतं. पण चारचौघांत चालताना पुढची माणसं थांबून आपल्यासाठी खोळंबतात, हे त्याला सोसेना. लग्न सोडलं, जत्रा सोडली. वाडीत राहून दत्ताच्या देवळापर्यंतसुद्धा जाईना. लेक लीला मला भेटली की डोळ्याला पदर लावायची. हा माणूस असाच ओट्यावर बसून राहिला तर बसल्या बसल्या संपेल, अशी मला भीती होती.

"बोलवायचंच हाय तर जाऊन बोलवा की," माझी बायको विठाबाई म्हणाली. "वाडीला एसटी जाती. पत्र कशाला?"

"तोंडावर तो एका घासात न्हाय म्हणतोय," मी म्हणालो. "पत्राला न्हाय म्हणायचं तर लीलाला बसवायला लागंल, कागद आणायला लागंल. तेवढ्यात मन बदलतंय माणसाचं."

"तुमी पत्र लिवायला कारण बघताय," ती म्हणाली.

ती गोष्ट वेगळी.

मी अंतर्देशीय पत्र आणलं आणि ओट्यावर बसलो. घरात बसायला पाहिजे होतं. ओट्यावर बसून पत्र लिहिणं म्हणजे गल्लीची सभा बोलावणं. पहिल्या ओळीलाच अप्पा आला.

"मटणाचं लिवलंस काय?"

"अजून रामरामच लिवतोय."

"मग रामरामाखाली मटण घाल. माणूस कशानं येतोय ते कळत न्हाय तुला."

त्याच्या मागून मास्तर आले. त्यांनी उभ्या उभ्याच खिशातून लाल पेन्सिल काढली. मास्तरांचं म्हणणं, पत्रात तीन गोष्टी स्पष्ट पाहिजेत: जायचं कसं, चालायचं कसं आणि खर्च वाटायचा कसा. "सहली मोडतात त्या वाटेत नाही मोडत, आकाराम. परत आल्यावर हिशोबाला मोडतात." एवढ्यात शेजारची चिमणाबाई दळण घेऊन चालली होती, ती डबा टेकून थांबली.

"आनि बायकांचं काय लिवलंय?"

"बायका कुठं येणार हायत?"

"का? समुद्र काय पुरुषांचाच हाय व्हय?"

मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. हे दुर्लक्ष पुढं महागात पडलं, पण ते पुढं.

दोन दिवस लिहीत होतो. मास्तरांनी तीनदा तपासलं. शेवटी पत्र झालं ते असं. मी एक नक्कल ठेवली होती, म्हणून शब्दाला शब्द देतो.

"प्रिय बाळासो यास आकारामचा रामराम. आम्ही खुशाल. म्हैस व्याली, रेडी झाली. माघातली पौर्णिमा झाली की मी, अप्पा आणि मास्तर गगनबावड्याचा घाट पायी उतरून समुद्र बघायला जाणार आहोत. तू यायचं आहेस. तू नाही म्हणणार हे मला माहीत आहे, म्हणून आधी सगळं ऐकून घे आणि मग नाही म्हण.

जाण्याचं असं. पहिल्या दिवशी कोल्हापूरच्या स्टँडवरून एसटीनं गगनबावडा. पहाटेची गाडी मुद्दाम सोडली आहे, तुला वाडीहून सावकाश येता यावं म्हणून. त्या दिवशी चालायचं नाही. मास्तरांच्या ओळखीनं शाळेची एक खोली मिळाली आहे, तिथं मुक्काम. दुसऱ्या दिवशी उजाडताच उतरायला लागायचं म्हणजे ऊन तापायच्या आत निम्म्याहून जास्त घाट होतो. जेवण पायथ्याला करूळमध्ये. दुपार कलली की एसटीनं वैभववाडी आणि तिथून समुद्राकडची गाडी. तिसरा दिवस नुसता समुद्र बघायचा. मग गाडीनं परत.

चालण्याचं असं. तू म्हणशील, चढ परवडला पण उतार गुडघ्यावर येतो. खरं आहे. म्हणून मधल्या पायवाटेनं उतरायचं नाही. वाट जवळची आहे पण खडी आहे. डांबरी रस्त्यानं जायचं, तो लांब पडला तरी उतार सोसतो. हातात काठी, पाऊल लहान. ओझं कुणी घ्यायचं नाही. भांडी आणि शिधा सकाळच्या गाडीनं पुढं पाठवून करूळच्या चहावाल्याकडं उतरवायचा. ज्याच्या त्याच्याकडं फक्त चादर आणि फिरकीचा तांब्या. चाल एवढीच ठेवायची की चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की थांबायचं. आणि मुख्य म्हणजे, सगळ्यांत हळू चालणारा सगळ्यांच्या पुढं. त्याच्या पुढं कुणी जायचं नाही. म्हणजे कुणी कुणासाठी खोळंबला असं होतच नाही. एवढं करूनही नाहीच झालं, तर घाटातून एसटी जाते. हात दाखवून बसायचं आणि करूळला आमची वाट बघायची. त्यात कमीपणा नाही."

इथं अंतर्देशीय पत्र भरलं. कडेला, घडीवर, सगळीकडं लिहून झालं होतं आणि खर्च राहिला होता. म्हणून मी वहीचा एक कागद फाडला.

"खर्चाचं असं. गाडीभाडं ज्याचं त्याचं. शिधा, चहा, सरपण आणि शाळेच्या शिपायाला द्यायचं ते सामाईक, चौघांत सारखं. निम्मे पैसे आधी द्यायचे, उरलेले परत आल्यावर हिशोब बघून. पैसे मास्तरांकडं, अप्पाकडं नाही. मास्तर मटण खात नाहीत, म्हणून मटण तिघांत. पण भाकरी आणि सरपण चौघांत. घरचा जिन्नस कुणी आणला तर त्याची किंमत त्याच्या वाट्यातून वजा, मात्र भाव बाजारातला धरायचा, आणणारा सांगेल तो नाही. तू शेंगा आणल्यास तर तुझा बराच वाटा तिथंच फिटेल. मधूनच कुणी परत फिरला तर त्याचं पुढच्या दिवसांचं त्याला परत. झालेला खर्च मात्र परत नाही. तू ये. तुझ्याशिवाय घाट मला ओळखायचा नाही. तुझा आकाराम."

भाव बाजारातला धरायचा, या वाक्यावर अप्पा दोन तास रुसला होता, कारण तो तूप आणणार होता आणि त्यानं त्याचा भाव मनाशी ठरवून ठेवला होता.

मी तो कागद अंतर्देशीय पत्रात घातला, कडा खळीनं चिकटवल्या, वरून पाट्यावरचा वरवंटा ठेवला आणि संध्याकाळी पेटीत टाकलं. त्या रात्री मला फार समाधानाची झोप लागली. असं पत्र आलं असतं तर मी स्वतः चालत वाडीला गेलो असतो.

आठवड्यानं उत्तर आलं. बाळासो बोलतो तसं लीला लिहीत नाही. ती सातवी झालेली आहे आणि बापाच्या तोंडचं जे निघेल ते धुऊन, वाळवून, घडी घालून कागदावर ठेवते. पत्राची सुरुवात अशी होती:

"तीर्थरूप आकारामकाका यांस सा. न. बाबा सांगतात की, आपण अत्यंत बुद्धिहीन गृहस्थ आहात."

हे तो मूळ कोणत्या शब्दांत बोलला असेल ते मला वाचता वाचता ऐकू आलं.

झालं होतं असं. अंतर्देशीय पत्रात आत काही घालायचं नसतं. हे त्याच्यावर छापलेलं असतं. मी अक्षर शिकल्यापासून दुकानांच्या पाट्यासुद्धा उभा राहून वाचतो, पण पत्र लिहायच्या घाईत पत्रावरचंच वाचायचं राहिलं. आत कागद निघाल्यावर पोस्टानं नियमाप्रमाणे दंड लावला आणि तो बाळासोला भरावा लागला. म्हणजे खर्च कसा वाटून घ्यायचा हे सांगणारा कागद हातात घेण्यासाठी त्याला आधी खर्च करावा लागला होता.

पुढं लीलानं लिहिलं होतं: "बाबा म्हणतात, निघायच्या आधीच यांनी माझ्या खिशात हात घातला, तर समुद्रापर्यंत अंगावर कपडे राहतील का? बाबा येत नाहीत. गुडघा आहे तसाच आहे."

माझं पहिलं लांबलचक पत्र, आणि माणूस यायचा तो त्याच्यामुळं यायचा राहिला.

गल्लीची सभा पुन्हा भरली. विषय बाळासोचा नव्हता, दंडाचा होता.

"चूक आकारामची. दंड त्यानं द्यायचा," अप्पा म्हणाला.

"पत्र सहलीसाठी गेलं होतं," मास्तर म्हणाले. "सबब दंड सहलीचा. सामाईक खर्चात धरावा लागेल."

"मग माझ्या तुपाचा भाव बी सहलीसाठीच वाढवायचा काय?"

"तुपाचा इथं संबंध नाही."

"न्हाय कसा? मी खिशातनं देणार आणि पोस्टाला जाणार, व्हय?"

मास्तरांनी डोळे मिटले. वर्गात कुणाचं गणित चुकलं की ते असे डोळे मिटतात. मग म्हणाले, "आकाराम, नीट बघ. दंड बाळासोनं भरला. तो सामाईक खर्च आहे. म्हणजे चौघांतला पहिला पैसा बाळासोचा पडला. तो सहलीत आलेला आहे."

"पण तो येत न्हाय म्हणतोय."

"मग मधूनच परत फिरले असं धरायचं. तुझ्याच कागदात काय लिहिलंय? झालेला खर्च परत नाही."

मला मास्तरांच्या पाया पडावंसं वाटलं. बाळासो मनाचा मोठा आहे. मागितलं तर अंगातला सदरा काढून देईल. पण न मागता त्याचा पैसा कुणी बुडवला तर तो दाद मागायला जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत जातो. मी लगेच साध्या कार्डावर, आत काही घालता येणार नाही अशा, दोन ओळी लिहिल्या: तुझी वर्गणी जमा झाली. आलास तर वाट्यातून वजा होईल. आला नाहीस तर नियमाप्रमाणे बुडाली.

उत्तर उलट टपाली आलं. "बाबा म्हणतात, आपला डाव त्यांनी ओळखला आहे. ते हिशोबाला स्टँडवर येतील. पुढचं पुढं."

येतील एवढंच. चढतील असं नव्हतं. तरी मी विठाबाईला पत्र दोनदा वाचून दाखवलं.

इकडं बावड्यात निराळंच काहीतरी उगवत होतं. माझ्या पत्राची नक्कल अप्पानं तालमीत नेऊन वाचून घेतली होती. हेतू मटणाचा होता. पण तालमीतल्या माणसांनी एकच ओळ पकडली: सगळ्यांत हळू चालणारा सगळ्यांच्या पुढं, त्याच्या पुढं कुणी जायचं नाही.

आता आमच्याकडं पुढं कोण चालणार याला किंमत आहे. लग्नाची वरात असो, पालखी असो, कुस्ती मारून आलेल्याची मिरवणूक असो, पुढच्या माणसावरून दोन भावकींची बोलाचाली बंद झालेली मी पाहिली आहे. "मग अप्पा, पुढं तुम्हीच असणार!" असं कुणीतरी म्हणालं. अप्पा म्हणाला, "मग दुसरं कोण?" आणि त्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं की पुढं राहायचं तर हळू चालावं लागणार.

दुसऱ्या दिवशी दुधाची किटली घेऊन तो माझ्या दारावरून गेला तो लंगडत.

"काय झालं रं अप्पा?"

"जुनी कुस्ती," तो म्हणाला. "गुडघा बोलायलाय."

"काल बोलत नव्हता तो."

"काल मी ऐकलं नसंल."

मी हसलो. पण संध्याकाळी मास्तर काठी घेऊन आले. मास्तरांना काठी कधीच लागली नव्हती. मी बघितलं तर म्हणाले, "संधिवात असावा. शिवाय हिशोब माझ्याकडं. पैसे असलेला माणूस पुढं असलेला बरा." त्यांच्यासारख्या माणसानं असं करावं याचं मला फार वाईट वाटलं. मग मी घरात गेलो आणि पत्र आपण लिहिलं, बेत आपला, तेव्हा पुढचा मान न्यायानं कुणाचा, याचा शांतपणे विचार केला. त्या रात्री झोपताना मला डाव्या पायाच्या घोट्यात बारीक कळ आल्यासारखं वाटलं.

मास्तरांनी सांगितलं, निघण्याआधी एकदा सराव करावा. म्हणून आम्ही तिघे बावड्याहून रंकाळा तलावापर्यंत चालत निघालो. तीन म्हातारे, तीन काठ्या, तीन वेगवेगळे पाय धरलेले. कुणीच पुढं जाईना आणि कुणीच मागं पडल्याचं कबूल करीना. एरवी जिथं तास-दीड तासात पोचतो तिथं पोचायला एवढा वेळ लागला की वाटेत ओळखीच्या माणसांनी तिघांना सायकलवरून सोडायची तयारी दाखवली. परत आलो तर घरी गर्दी. बावड्याच्या तिघांना ट्रकनं उडवलं, अशी बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. चिमणाबाई हळदीचा लेप वाटून बसली होती. विठाबाईनं माझ्याकडं नीट बघितलं.

"कुठला पाय दुखतोय?"

"डावा."

"मग उजवा का धरलाय?"

मी पाय बदलला. प्रवासाच्या तोंडावर घरात वाद नको.

तिचं मात्र संपलं नव्हतं. "मी बी येणार हाय समुद्राला. चिमणाबाई बी. तुमी तिघं असं चालायला लागला तर पायथ्याला पोचंस्तोवर भाकरी वाळून जाईल. आमी पुढं जाऊन चूल पेटवतो."

"पुढं कसं जाशील? पत्रात लिवलंय, हळू चालणाऱ्याच्या पुढं कुणी जायचं न्हाय."

"पत्रात आमचं नाव हाय?"

नव्हतं. चिमणाबाईनं तेव्हा दळणाचा डबा टेकून विचारलं होतं आणि मी लिहिलं नव्हतं. आता वर्गणी सहांत धरावी लागली, हिशोब फिरला, आणि माणशी वाटा कमी झाला म्हणून मास्तरांनी बायकांचे आभार मानले.

निघायचा दिवस आला. स्टँडवर आम्ही तासभर आधी. गाडी लागली होती. आम्हा तिघांची ती चाल बघून कंडक्टर खाली उतरला.

"पावणं, मोठ्या दवाखान्याची गाडी ह्या बाजूला न्हाय. पलीकडं जावा."

"आमाला गगनबावडा पायजे."

"तिथं आणि काय औषध मिळतंय?"

एवढ्यात वाडीच्या गाडीतून लीला उतरली, आणि तिच्या मागं काठी टेकत, दांडा धरत, बाळासो. दोन वर्षांत वाळला होता. खांद्यावर शेंगांची पिशवी होती. शेंगा आणल्या म्हणजे येणार, असं माझ्या मनात आलं आणि मी आनंदानं पुढं झालो. झालो म्हणजे सवयीनं लंगडतच झालो. माझ्या मागून अप्पा लंगडत आला. त्याच्या मागून काठी टेकत मास्तर.

बाळासो जागेवर थांबला. त्यानं माझा पाय बघितला, अप्पाचा बघितला, मास्तरांची काठी बघितली. त्याचा चेहरा असा झाला की मला आजही तो आठवू नये असं वाटतं.

"आक्या," तो हळू म्हणाला, "चेष्टा करायला बोलावलंस व्हय मला?"

"न्हाय रं—"

"माझी चाल करून दाखवालाय तिघं मिळून. स्टँडवर, माणसांच्या म्होरं." त्यानं शेंगांची पिशवी लीलाच्या हातात दिली. "चल पोरी. माझे पैसे बुडू देत."

तो वळला. वाडीची गाडी अजून उभी होती. पत्रात एवढं लिहिलं, आणि बोलायच्या वेळी काही नाही. मग मी काठी टाकून दिली आणि चांगल्या दोन पायांनी पळत जाऊन त्याच्यापुढं उभा राहिलो.

"बाळू, हे बघ, माझं पाय चांगलं हायत. अप्पाचं बी. मास्तरांचं बी."

"मग लंगडालाय कशाला?"

"पुढं चालायचं हाय म्हणून."

"काय?"

"मी लिवलं न्हाय काय, सगळ्यांत हळू तो पुढं? ते सगळ्यांना मानाचं वाटायला लागलंय. आठवडाभर भांडणं लागल्यात, कोण जास्त लंगडं म्हणून."

बाळासोनं अप्पाकडं बघितलं. "व्हय रं अप्पा?"

अप्पानं मान खाली घातली. पण पैलवान कबूल करतानासुद्धा चीत होत नाही. "माझा गुडघा जुना हाय," तो म्हणाला. "तुझा दोन वर्षांचा. मान माझा."

असं म्हणायला नको होतं असं मला वाटलं. चुकलो. बाळासोची मान ताठ झाली. दोन वर्षांत त्याच्याशी असं कुणी बोललं नसणार. सगळे आपले "बसा, दमला असाल" म्हणत होते.

"तुझा गुडघा?" तो ओरडला. फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. "गंजीवरनं पडलो मी. वाटी सरकली माझी! तीन माणसांनी धरलं तवा हाडवैद्यानं बसवली. तुझं काय मोडलंय, सांग की? दूध प्यायल्यानं गुडघा जातोय व्हय? आनि हे मास्तर, ह्या वयात काठी घेऊन खोटं चालायला लाज वाटत न्हाय तुमाला?"

"संधिवात..." मास्तर पुटपुटले.

"गप बसा. लंगडा मी हाय. पुढं मी चालणार. लीला, आण ती पिशवी."

आणि तो काठी आपटत गाडीत चढला आणि पहिल्या बाकावर बसला. लीला खाली उभी राहून एकदम हसत होती आणि रडत होती. कंडक्टरनं विचारलं, "नक्की कितीजण पेशंट हायती?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही घाटाला लागलो. खाली कोकणात धुकं भरलं होतं. सगळ्यांच्या पुढं बाळासो. छोटी पावलं, काठी आधी, मग दुखरा पाय, मग चांगला, रस्त्याच्या आतल्या कडेनं. पत्रात लिहिलं तसं. त्याच्या मागं मी, मग मास्तर, शेवटी अप्पा. विठाबाई आणि चिमणाबाई पहिल्या वळणाला आमच्या बाजूनं बोलत बोलत पुढं गेल्या आणि दुसऱ्या वळणाला दिसेनाशा झाल्या.

बाळासो प्रत्येक वळणावर थांबायचा. दमला म्हणून नव्हे, सांगायला म्हणून. इथं तुझा बैल बसलेला, आक्या. इथं गुळाची ढेप गडगडत गेलेली आणि खालच्या गावात त्या दिवशी सगळ्यांनी पोळ्या केल्या असणार. चाल अशी होती की बोलता येत होतं, आणि बोलत तो एकटाच होता. मास्तरसुद्धा ऐकत होते. त्यांनी काठी काखेत धरली होती, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

निम्मा घाट उतरल्यावर मागून अप्पाचा आवाज आला. आवाज म्हणजे बोंब. वळून बघितलं तर पैलवान रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून पोटरी धरून कळवळत होता. आठवडाभर खोटं लंगडून त्यानं चांगल्या पायावर एवढा भार टाकला होता की आता पोटरीत गोळा आला होता, खराखुरा. मास्तरांनी पाय ताणून धरला, मी चोळला. एवढ्यात वरून एसटी आली. मी हात केला.

"नको!" अप्पा ओरडला. "गाडी नको!"

"अरं, पत्रात लिवलंय. त्यात कमीपणा न्हाय."

"चालत येतो. पण गाडीत घालू नका."

घाटाची वळणं आणि त्याचं पोट यांची गोष्ट आम्ही कुणी काढली नाही. गाडी गेली. अप्पा माझ्या खांद्याला आणि मास्तरांच्या काठीला धरून उभा राहिला आणि पाऊल टाकलं. फार हळू. बाळासोपेक्षाही हळू. चौघांनाही ते दिसत होतं.

मी बाळासोकडं बघितलं. आता हा काय करतो? मानासाठी स्टँडवर केवढा गजहब केला होता. तो क्षणभर काठीवर रेलून उभा राहिला. मग रस्त्याच्या कडेला झाला आणि त्यानं अप्पाला वाट करून दिली.

"या पैलवान," तो म्हणाला. "नेम म्हंजे नेम. पुढं व्हा."

आणि बाळासो मागं राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला दुसऱ्या कुणासाठी पाऊल आखडतं घ्यावं लागत होतं. थोडं अंतर गेल्यावर तो थांबला, सुस्कारा टाकला आणि मला म्हणाला, "अवघड हाय रं ह्याच्याबरोबर." मी बघितलं तर त्याचे डोळे हसत होते.

पायथ्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. करूळच्या चहावाल्याच्या मागं झाडाखाली बायकांनी चूल कधीच पेटवली होती. मटण शिजून, मास्तरांची वेगळी आमटी होऊन, भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधलेली होती. विठाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं आधी बाळासोकडं बघितलं, त्याच्या गुडघ्याकडं बघितलं, आणि आवाज जरा मऊ केला.

"लई उशीर केला हो भावजी. पाय दुखला काय?"

बाळासोनं काठी झाडाला टेकवली, मांडी सैल करून बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"माझ्यामुळं न्हाय वैनी. ह्या अप्पाला चालवतच न्हाय. आमी सगळी त्याच्यासाठी खोळंबलो."